पुड्यामागचा बारीक मजकूर

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीमागच्या चाळीतून एक आजी आपल्या तीन वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन धावतच दवाखान्यात आल्या. पोराच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, वरचा ओठ सुजला होता आणि वाटेत एक उलटी झाली होती. श्वास मात्र मोकळा होता, आवाज बसलेला नव्हता, मूल रडत होते. आणि अशा वेळी मोठ्याने रडणारे मूल हे डॉक्टरला दिलासा देणारे असते. मुलाला औषध दिले, दोन तास समोर बसवून ठेवले. हळूहळू गांधी ओसरल्या.

या मुलाला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे हे मला ठाऊक होते. ते अकरा महिन्यांचे असताना पहिल्यांदा असाच प्रकार झाला होता आणि बालरोगतज्ज्ञांनी तपासून निदान पक्के केले होते. म्हणून मी विचारले, "आजी, दूध दिलं होतंत का?"

"नाही हो डॉक्टर, दुधाचा थेंब नाही. ह्याच्या आजोबांचं बिस्किट होतं, ते पाण्यात भिजवून दिलं. आट्याचं आहे, पौष्टिक."

मी त्यांच्या मोठ्या नातीला तो पुडा आणायला घरी पिटाळले. पुडा आला. मागच्या बाजूस मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांत सगळे लिहिलेले होते. घटकांच्या यादीत 'मिल्क सॉलिड्स' होते आणि त्याखाली ठळक अक्षरांत पुन्हा 'कंटेन्स: व्हीट, मिल्क, सोया, सल्फाइट' असे छापलेले होते. कंपनीने आपले काम केले होते. चूक आजींचीही नव्हती. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना "दूध, दही, ताक, लोणी बंद" एवढेच सांगितले होते. बिस्किटाचे नाव मी काढलेच नव्हते.

त्या दिवशी मी औषधाच्या चिठ्ठीच्या कागदावर त्या पुड्याचा तीन ओळींचा मराठी सारांश लिहून दिला. पुढे तीच सवय लागली. ती चिठ्ठी कशी तयार करावी, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे.

मजकूर मराठीत का नसतो?

आपल्या देशात अन्नाच्या वेष्टनावर काय छापावे हे २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील नियमांनी ठरते. सध्याचे लेबलविषयक नियम २०२० सालचे असून ते जुलै २०२२ पासून पूर्णपणे लागू झाले. त्यांनुसार सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असावा लागतो. प्रादेशिक भाषा त्याच्या जोडीला वापरता येते, पण सक्ती नाही. त्यामुळे घरात पुडा फोडणारी व्यक्ती एक आणि तो वाचू शकणारी दुसरी, अशी स्थिती आपल्याकडे घरोघर असते. या घरात आई पॅकिंगच्या कामावर, वडील एका गाळ्यात मशीनवर, आणि दिवसभर मुलांकडे आजी. इंग्रजी वाचणारी एकटी सातवीतली नात. म्हणून सारांश तिच्याकडूनच करून घ्यायचे ठरले. अक्षरे दिसेनात तेव्हा तिने मोबाईलवर फोटो काढला आणि तो मोठा केला. हा उपाय तिचा, माझा नव्हे.

लेबलावर पुष्कळ गोष्टी असतात: वजन, किंमत, बॅच क्रमांक, तारखा, चौदा आकडी परवाना क्रमांक. त्या त्या जागी उपयोगाच्या आहेत, पण आपल्या चिठ्ठीसाठी तीनच प्रश्न विचारायचे. यात काय काय आहे? आपण जेवढे खातो तेवढ्यात किती आहे? आणि घरातल्या कोणाला हे चालणार नाही?

पहिली ओळ: यात काय आहे

'इन्ग्रेडियंट्स' या शब्दापुढे घटकांची यादी असते. ती वाटेल तशी लिहिलेली नसते. पदार्थ बनवताना जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो पहिला, त्याहून कमी तो दुसरा, असा उतरता क्रम कायद्याने बांधून दिलेला आहे. हे एक सूत्र ध्यानात ठेवले तरी निम्मे काम होते.

आजींच्या पुड्यावर समोर मोठ्या अक्षरांत 'आटा' असे लिहिले होते आणि गव्हाच्या लोंब्यांचे चित्र होते. मागची यादी साधारण अशी होती: मैदा ४८ टक्के, साखर, पाम तेल, गव्हाचा आटा १० टक्के, इन्व्हर्ट सिरप, गव्हाचा कोंडा ३ टक्के, मिल्क सॉलिड्स १ टक्का, फुगवणारे पदार्थ ५०३ (ii) आणि ५०० (ii), मीठ, इमल्सिफायर ३२२, डो कंडिशनर २२३, कृत्रिम स्वाद.

आता क्रम पाहा. ज्याचे नाव पुड्यावर मिरवले आहे तो आटा चौथा आहे. त्याच्यापुढे १० टक्के असा आकडा आहे, कारण समोर शब्दांतून वा चित्रातून ज्या घटकाचा गवगवा केला असेल त्याची टक्केवारी मागे छापावीच लागते. आटा चौथा आणि तो १० टक्के, म्हणजे त्याच्या आधी असलेली साखर आणि तेल ही प्रत्येकी १० टक्क्यांहून कमी असणार नाहीत. त्यांचे आकडे छापलेले नाहीत, पण क्रमच ते सांगून जातो. नातीने हे वाचले तेव्हा आजोबा म्हणाले, "म्हणजे हे मैद्याचंच बिस्किट की!" मी म्हटले, "होय, आणि आटा त्यात पाहुणा म्हणून आलाय."

दुसरी गोष्ट साखरेची. या यादीत साखर एकदा दिसते, पण तिची बहीण 'इन्व्हर्ट सिरप' पुढे पाचव्या जागेवर बसली आहे. इन्व्हर्ट सिरप म्हणजे साखरेचे विघटन करून केलेला पाक. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, मध, गूळ, फळांच्या रसाचा घट्ट अर्क ही सगळी त्याच कुळातली. गोडी अशी दोन-तीन नावांत विभागली गेली, की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते आणि एकूण गोडी नजरेआड होते. म्हणून सारांश लिहिताना सर्व गोड नावे एकत्र करून 'साखर व पाक' असे लिहावे.

यादीच्या शेवटी जे आकडे येतात त्यांनी पुष्कळ लोक घाबरतात. ते खाद्यपदार्थांत घालण्यास परवानगी असलेल्या पूरक द्रव्यांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत. ५०० (ii) म्हणजे आपला खाण्याचा सोडा. ५०३ (ii) हे अमोनियाचे संयुग बिस्किट फुगवण्यासाठी घालतात. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचे. सगळेच क्रमांक पाठ करण्याची गरज नाही. मात्र २२० ते २२८ हे क्रमांक सल्फाइटचे आहेत, ते लक्षात ठेवावेत. त्यांच्याकडे पुढे वळू.

आजींच्या चिठ्ठीची पहिली ओळ आम्ही अशी लिहिली: "मुख्यतः मैदा, मग साखर व पाक, मग पाम तेल. आटा थोडा. दुधाची भुकटी आहे." बारा नावांतून आजींना लागणारी एवढीच.

दुसरी ओळ: आपण खातो तेवढ्यात किती

इथे सर्वांत जास्त फसगत होते, आणि ती खोट्या आकड्यांनी नव्हे, खऱ्या आकड्यांनी होते.

'न्यूट्रिशनल इन्फर्मेशन' हा तक्ता साधारणपणे १०० ग्रॅम पदार्थासाठी असतो. शेजारी 'सर्व्हिंग' म्हणजे एका वेळच्या वाढपाचे वजन दिलेले असते, पुड्यात अशी किती वाढपे आहेत तेही असते, आणि एका वाढपातून प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो ते लिहिलेले असते. पण वाढप केवढे धरायचे हे कंपनी ठरवते. आपले पोट ठरवत नाही.

आजींचा पुडा १०० ग्रॅमचा होता. वाढप होते २० ग्रॅमचे, आणि पुड्यात पाच वाढपे. नातीने बिस्किटे मोजली, ती दहा निघाली. म्हणजे एक बिस्किट १० ग्रॅमचे आणि कंपनीच्या हिशेबाने एका वेळी दोन बिस्किटे. १०० ग्रॅममागे छापलेले आकडे असे होते: ऊर्जा ४८० किलोकॅलरी, प्रथिने ७ ग्रॅम, पिष्टमय पदार्थ ७० ग्रॅम, त्यांपैकी एकूण साखर २२ ग्रॅम व वरून घातलेली साखर २१ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ १९ ग्रॅम, त्यांपैकी संपृक्त ९ ग्रॅम, सोडियम ३६० मिलिग्रॅम.

दोन बिस्किटांच्या वाढपापुढची टक्केवारी फारच सोज्वळ दिसत होती. ऊर्जा सुमारे ५ टक्के, घातलेली साखर सुमारे ८ टक्के, सोडियम ४ टक्क्यांच्या आत. हे आकडे खरे आहेत. पण मी आजोबांना विचारले, "आजोबा, तुम्ही किती खाता?"

आजोबा गप्प. आजींनी उत्तर दिले, "सकाळच्या चहाला चार, संध्याकाळच्याला चार. पुडा दीड दिवससुद्धा पुरत नाही."

मग हिशेब मांडला. आठ बिस्किटे म्हणजे ८० ग्रॅम. तक्त्यातील प्रत्येक आकड्याला ८० ने गुणून १०० ने भागायचे. सोपे करायचे तर एका बिस्किटाचा, म्हणजे १० ग्रॅमचा आकडा काढायचा आणि आठाने गुणायचे. सातवीतल्या मुलीला यात अवघड काही नव्हते. तिने काढलेले उत्तर असे: ऊर्जा ३८४ किलोकॅलरी, पिष्टमय पदार्थ ५६ ग्रॅम, घातलेली साखर सुमारे १७ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ सुमारे १५ ग्रॅम, त्यांपैकी संपृक्त सुमारे ७ ग्रॅम, सोडियम २८८ मिलिग्रॅम.

आकडे असे कोरडे सांगून उपयोग नसतो, म्हणून ते स्वयंपाकघरात आणावे लागतात. चहाचा एक लहान चमचा साखर म्हणजे अंदाजे ४ ग्रॅम. तेव्हा १७ ग्रॅम म्हणजे चार चमचे साखर. सोडियमचे मीठ करायचे तर अडीचने गुणावे. २८८ मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे पाऊण ग्रॅम मीठ. प्रौढासाठी दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ अशी धरलेली आहे. संपृक्त स्निग्धाची मर्यादा २२ ग्रॅम धरलेली आहे, आणि तिचा तिसरा हिस्सा आजोबा चहाबरोबरच संपवत होते.

आजोबांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. चहात साखर घालणे त्यांनी निष्ठेने बंद केले होते आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. तरी जेवणानंतरची साखर २४० च्या खाली येत नव्हती आणि मी गोळी वाढवण्याच्या विचारात होतो. चहातून काढलेली साखर बिस्किटातून परत येत होती.

पण मधुमेह्याने केवळ साखरेचा आकडा पाहून थांबू नये. मैद्याचा स्टार्चही पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो. म्हणून त्यांच्यासाठी 'टोटल कार्बोहायड्रेट' हा आकडा जास्त महत्त्वाचा. ५६ ग्रॅम पिष्टमय पदार्थ म्हणजे मध्यम आकाराच्या अडीच ते तीन पोळ्यांएवढे. आजोबा जेवताना दोनच पोळ्या खात होते आणि त्या मोजून खात होते. बिस्किटे मात्र कोणी मोजत नव्हते. 'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलेल्या पुड्यालाही हेच लागू आहे. वरून साखर घातलेली नसेल, पण मैदा किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर रक्तातील साखर वाढणारच.

या तक्त्याच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. गरजेची टक्केवारी २००० किलोकॅलरी लागणारा सरासरी प्रौढ डोळ्यांसमोर ठेवून काढलेली असते. तीन वर्षांच्या मुलाला ती लावू नये. त्याची गरज पुष्कळ कमी असते, त्यामुळे मोठ्यांसाठी ५ टक्के असलेला आकडा त्याच्यासाठी बराच मोठा ठरतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियम व फॉस्फरस सांभाळावे लागते, पण ते या तक्त्यात छापणे सक्तीचे नाही. अशा रुग्णांनी तक्त्यावर विसंबू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आजींच्या चिठ्ठीची दुसरी ओळ झाली: "आठ बिस्किटांत चार चमचे साखर, तीन चमचे तेल, तीन पोळ्यांएवढा पिष्टमय भाग." १५ ग्रॅम स्निग्धाचे आम्ही चहाच्या लहान चमच्याने तीन चमचे तेल असे लिहिले. ग्रॅमचा आकडा आजी विसरल्या असत्या. चमचे विसरणार नाहीत.

तिसरी ओळ: कोणाला नको

आता नातवाकडे येऊ. आपल्या नियमांनी आठ प्रकारचे पदार्थ अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने वेगळे जाहीर करायला लावले आहेत: गहू, जव, ओट यांसारखी ग्लुटेन असलेली धान्ये, कोळंबी-खेकडे यांसारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखे कवचाचे मेवे, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट. हे 'कंटेन्स' या शब्दापुढे लिहिलेले असते आणि बहुधा घटकांच्या यादीच्या लगेच खाली सापडते.

घाईत असाल तर सारांश इथूनच सुरू करावा. ज्या घरात दुधाची अ‍ॅलर्जी असलेले मूल आहे, तिथे 'कंटेन्स' पुढे 'मिल्क' दिसले की बाकी वाचायचे कारण नाही. तो पुडा त्या मुलाचा नव्हे. पण तिथे 'मिल्क' दिसले नाही, तर मात्र एकदा घटकांची यादीही वाचावी. दूध तिथे वेगवेगळ्या नावांनी येते: मिल्क सॉलिड्स, मिल्क पावडर, व्हे, केसिन, केसिनेट, बटर, चीज. 'लॅक्टिक अ‍ॅसिड' हे नाव ऐकून मात्र घाबरू नये. ते साधारणपणे दुधापासून केलेले नसते.

'मे कंटेन' ही दुसरी ओळ असते. तिचा अर्थ असा, की हा घटक कृतीत घातलेला नाही, पण त्याच यंत्रावर वा त्याच कारखान्यात तो वापरला जात असल्याने अंश मिसळण्याची शक्यता आहे. ज्याला पूर्वी तीव्र त्रास झाला आहे, त्याने ही ओळसुद्धा 'आहे' अशीच धरावी. सातिवलीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना हे पटवून द्यावे लागत नाही. गाळ्यात काम करणाऱ्या वडिलांना मी सांगू लागलो तेव्हा तेच म्हणाले, "एका मशीनवर दोन माल काढले की पहिल्याचा रंग दुसऱ्याला लागतोच, डॉक्टर. कितीही पुसा."

हिरव्या खुणेवरून एक मोठा गैरसमज आहे. हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी. आपल्याकडे दूध शाकाहारात मोडते, त्यामुळे ठिपका हिरवा असला तरी आत दूध असू शकते. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला या खुणेचा थोडा आधार मिळतो, कारण अंडे असलेल्या पदार्थावर तपकिरी त्रिकोणाची मांसाहारी खूण असावी लागते. दुधाच्या अ‍ॅलर्जीत तो आधार मुळीच नाही.

आता सल्फाइट. या पुड्यातील डो कंडिशनर २२३ म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट. मैद्याचा गोळा लवचीक व्हावा म्हणून ते घालतात. बहुसंख्य लोकांना त्याचा त्रास होत नाही. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटने छाती आवळल्यासारखी होते. बिस्किटात त्याचे प्रमाण थोडे असते. सुकवलेल्या जर्दाळूत, पिवळ्या बेदाण्यांत ते बरेच जास्त असू शकते. दम्याच्या ज्या रुग्णाला विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर वारंवार धाप लागते, त्याने २२० ते २२८ क्रमांक तिथे आहेत का हे पाहावे आणि तो पुडा डॉक्टरांना दाखवावा.

आठांच्या यादीत नसलेलेही काही आहे, आणि ते आपल्या स्वयंपाकघरातले आहे: तीळ. तिळाची अ‍ॅलर्जी चांगलीच तीव्र असू शकते. अमेरिकेत जानेवारी २०२३ पासून तिळाची नोंद सक्तीची झाली, आणि युरोपीय देशांच्या यादीत तीळ व मोहरी दोन्ही आहेत. आपल्या आठांत ती नाहीत. म्हणून ज्याला तीळ किंवा मोहरी सोसत नाही, त्याने 'कंटेन्स' ओळीवर न थांबता पूर्ण यादी वाचलीच पाहिजे.

आजींच्या चिठ्ठीची तिसरी ओळ: "बाळाला नको: दूध आहे. आजोबांना जपून. शेजारच्या दमेवाल्या काकांना विचारून."

जिथे लेबल नसते

वसईत बेकऱ्या भरपूर. खारी, टोस्ट, नानकटाई, केक आपण सुटे घेतो, कागदात बांधून. तिथे वाचायला काहीच नसते. अशा वेळी दुकानदाराला "यात दूध आहे का?" असे विचारले तर "नाही, थोडं बटर आहे" असे उत्तर मिळू शकते, कारण त्याच्या लेखी बटर म्हणजे दूध नव्हे. म्हणून प्रश्न नाव घेऊन विचारावा: दूध, भुकटी, लोणी, तूप, अंडे, यांतले काय काय घातले आहे? उत्तर ठाम मिळाले नाही तर अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला तो पदार्थ देऊ नये.

अगदी छोट्या पुड्यांचेही असेच. ज्या वेष्टनाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्यावर घटकांची यादी व पोषणाचा तक्ता न छापण्याची सूट आहे. तो मजकूर मोठ्या, बाहेरच्या पाकिटावर असतो. किराणा दुकानात बरणीतून मिळणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांचे बाहेरचे पाकीट दुकानदाराने केव्हाच फेकलेले असते.

आणखी एक. एकदा वाचलेला पुडा कायमचा वाचून झाला असे समजू नये. कंपन्या कृती बदलतात, आणि त्याच नावाच्या वेगळ्या चवीत वेगळे घटक असतात. नवा पुडा आणला, की निदान 'कंटेन्स' ओळ पुन्हा पाहावी.

त्रास झालाच तर

नुसत्या गांधी उठल्या आणि मूल हसते-खेळते असेल तर डॉक्टरांकडे न्यावे आणि काही तास लक्ष ठेवावे. पण घरघर, धाप, आवाज बसणे, जीभ किंवा घसा सुजणे, पुन्हा पुन्हा उलट्या, मूल मलूल वा निळसर पडणे, यांतले काहीही दिसले तर तो जिवावरचा प्रसंग आहे. घरातली अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसू नये. मुलाला आडवे ठेवावे. धाप लागली असेल तर बसते ठेवावे, पण उभे करू नये, चालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात तातडीने न्यावे. तिथे मांडीत दिले जाणारे अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच खरा उपाय आहे. जाताना पुडा बरोबर न्यावा.

दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना भट्टीत भाजलेल्या पदार्थातील दूध सोसते, कारण उष्णतेने त्यातील काही प्रथिने बदलतात. पण हे मूल त्यांतले आहे की नाही, हे घरी बिस्किट देऊन ठरवायचे नसते. ती चाचणी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करतात. बरीच मुले मोठेपणी या अ‍ॅलर्जीतून बाहेर पडतात, तेही असेच तपासून ठरवावे लागते.

आजोबांनी बिस्किटे दिवसाला दोनवर आणली आणि संध्याकाळी चालायला सुरुवात केली. साखर उतरली, दोहोंपैकी कशाने किती, ते मी सांगू शकत नाही, पण गोळी वाढवावी लागली नाही. त्या घरात आता फळीवर दोन डबे आहेत. नातीने एकावर 'बाळाचा' आणि दुसऱ्यावर 'आजोबांचा' असे लिहिले आहे, आणि नवीन पुडा आणला की तो तिने वाचल्याशिवाय कुठल्याच डब्यात जात नाही. माझ्याकडे औषधाला आल्या की आजी पिशवीतून एखादा पुडा काढून पुढे करतात आणि म्हणतात, "तिनं वाचलंय डॉक्टर, पण तुम्ही एकदा बघा."

मीही चष्मा पुसून बघतो. अजून तरी तिची चूक सापडलेली नाही.